नदीकाठचे अक्रोड

चिझुरूच्या टेबलावरचा फोन ऑक्टोबर महिन्यात शांत म्हणून राहत नसे. जपानमधल्या यामागाताच्या डोंगरातल्या त्या छोट्याशा गावच्या कार्यालयात ती शेती विभागात होती. कागदोपत्री तिचं काम होतं रानटी जनावरांमुळे होणाऱ्या नुकसानीची नोंद घेणं. प्रत्यक्षात मात्र गावातल्या प्रत्येकाने काढलेला प्रत्येक फोटो बघायचा आणि "हे अस्वलाचं काम आहे का?" या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, हेच तिचं काम होऊन बसलं होतं.

त्या वर्षी तर विचारायलाच नको. वर डोंगरात अस्वलं ज्यांची फळं खातात त्या बीच वृक्षांना फळच धरलं नव्हतं. त्यामुळे अस्वलं खाली उतरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लोकांना जिथे तिथे अस्वल दिसत होतं. कुणी साल सोललेला देवदार पाठवी. कुणी कुरतडलेला भोपळा पाठवी. एकाने तर आपल्याच कुत्र्याने फाडलेल्या बुटाचा फोटो पाठवला होता, खाली मोठ्या अक्षरांत 'तातडीचे' असं लिहून.

चिझुरू एकतीस वर्षांची, मूळची समुद्राकडच्या भागातली. लग्न करून नव्हे, नोकरी घेऊन ती या गावात आली होती, आणि तीन वर्षांत तिने एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती: फोटो पाठवणारा माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाचा फोटो हललेला असतो.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला यासुए आजीचे दोन फोटो आले. आजी एक्याऐंशी वर्षांची, नदीजवळच्या घरात एकटी राहणारी. तिच्या अंगणातलं पर्सिमॉनचं झाड गावात प्रसिद्ध होतं. टोमॅटोएवढी केशरी फळं, कच्ची खाल्ली तर जीभ आखडून टाकतील अशी तुरट, पण सोलून वाळवली की मधासारखी गोड. पहिल्या फोटोत अर्धा भाग आजीच्या अंगठ्याने व्यापलेला होता. उरलेल्या अर्ध्यात झाडाचं खोड, आणि खोडावर शेजारी शेजारी खाली ओढलेल्या पाच रेघा. दुसऱ्या फोटोत जमिनीवर पडलेली अर्धवट खाल्लेली फळं.

चिझुरूच्या मागून जाताना मुराकोशी साहेबांची नजर पडद्यावर गेली, आणि ते जागच्या जागी थांबले. विभागप्रमुख होते ते. निवृत्तीला पाच महिने राहिले होते, आणि ते पाच महिने काही न घडता जावेत एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती.

"पाच रेघा," साहेब म्हणाले. "पाच बोटं. अस्वल."

"साहेब, पाच बोटं उदमांजरालाही असतात."

"आणि रविवारी नदीवर अळकुड्यांचा रस्सा आहे. दोनशे माणसं! आजीच्या घरापासून नदीकाठ किती लांब? तीनशे मीटर! रद्द करा. झाड आजच पाडायला सांगा."

दर वर्षी ऑक्टोबरात सगळं गाव नदीच्या वाळूवर मोठाल्या कढयांमध्ये अळकुड्या, गोमांस आणि कांद्याची पात शिजवून खात असे. तो कार्यक्रम रद्द करणं म्हणजे गावाच्या तोंडचा घास काढून घेणं. चिझुरू म्हणाली, "साहेब, मला एक तास द्या," आणि तिने आजीला फोन लावला.

"आजी, मी कार्यालयातून चिझुरू बोलतेय. फोटो मिळाले. तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"झाडाखाली."

"झाडाखाली नका ना उभ्या राहू! आधी घरात जा."

"अगं, घरात गेले तर झाडाचे फोटो कसे काढू? मी काय शिडी लावून खिडकीतून काढू?"

चिझुरूने डोळे मिटले. मग म्हणाली, "बरं, आजूबाजूला नीट बघा. शेणासारखा मोठा ढीग दिसतोय? फांद्या मोडून पडल्यात?"

"ढीग नाही. फांद्या जिथल्या तिथे. चोर मोठा सफाईदार आहे बघ."

"मग एकच काम करा. रेघांच्या शेजारी जेवायच्या दोन काड्यांपैकी एक आडवी धरा आणि फोटो काढा. अंगठा बाजूला ठेवून. मग वर शेंड्याचा एक काढा आणि लगेच घरात जा. दार लावून घ्या."

"काडी कुठली? रोजची की सणाची?"

"कुठलीही चालेल, आजी."

दहा मिनिटांत फोटो आले. आजीने सणाचीच काडी धरली होती, लाखेची, लाल. चिझुरूने चित्र मोठं केलं आणि काडीवरून अंतर मोजलं. पहिल्या रेघेपासून पाचवीपर्यंत साधारण अकरा सेंटिमीटर. उदमांजराचा पंजा एवढा रुंद असूच शकत नाही. म्हणजे साहेब बरोबर होते: अस्वलच.

पण तिचं मन मानेना. तिने चित्र आणखी मोठं केलं. ताज्या ओरखड्यात आतलं फिकट लाकूड उघडं पडतं, कडा करकरीत असतात, बुंध्याशी सालीचा भुगा पडलेला असतो. इथे रेघा काळपट होत्या. कडा जखम भरून आल्यावर होतात तशा फुगलेल्या होत्या. आणि तिसऱ्या रेघेच्या पोटात दगडफुलाचा राखाडी-हिरवा ठिपका चांगला ऐसपैस बसला होता. ठिपका एका रात्रीत वाढत नाही. म्हणजे ओरखडे अस्वलाचेच, पण जुने: खोड जाड होत गेलं होतं आणि त्याच्याबरोबर रेघाही थोड्या फाकल्या होत्या.

तिने पुन्हा फोन केला. "आजी, पाच-सात वर्षांपूर्वी या झाडाला काही झालं होतं का? फांदी वगैरे मोडली होती?"

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी. दवाखान्यातून आले तर मोठी फांदी मोडलेली. मी म्हटलं, वाऱ्याने मोडली."

"वारा नव्हता, आजी. अस्वल येऊन गेलं होतं."

"अग्गोबाई! आणि मी सहा वर्षं वाऱ्याला शिव्या घालतेय."

उरला यंदाचा चोर. खाली पडलेल्या फळांचा गर चमच्याने कोरावा तसा खाल्लेला होता. साली बऱ्याचशा शाबूत, त्यांच्यावर बारीक दातांचे ठसे, आणि बिया एका बाजूला टाकलेल्या. अस्वल एवढं निवडत बसत नाही, ते बियांसकट गिळतं. फांदीवर लटकलेल्या काही फळांना टोकदार खड्डे होते, ते पक्ष्यांच्या चोचीचे. आणि शेंड्याच्या फोटोत एकही फांदी मोडलेली नव्हती. अस्वल झाडावर बसलं की हाताशी येईल ती फांदी आपल्याकडे ओढतं आणि मोडतं. त्याचं जेवण झाकून राहत नाही.

"उदमांजर आणि बुलबुल," ती साहेबांना म्हणाली. "ओरखडे अस्वलाचे आहेत, पण सहा वर्षांपूर्वीचे."

"नक्की?"

"नक्की."

"लिहून दे."

तिने लिहून दिलं. बारा वाजता गावातल्या भोंग्यांवरून घोषणा झाली की नदीकाठी अस्वलाचा वावर आढळलेला नाही, रविवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. चिझुरूने डबा उघडला आणि समाधानाने भाताचा मुटका खाल्ला. आज तिच्यामुळे एक झाड आणि दोनशे माणसांचं जेवण वाचलं होतं. स्वतःवर खूश व्हायला एवढं पुरे होतं.

दुपारी तीनला बालवाडीच्या कानोको बाईंचा संदेश आला. शेवटी हसरे चेहरे होते, तीन. 'काल मुलांना नदीवर नेलं होतं. खूप अक्रोड गोळा केले. रविवारी फलक लावणार आहोत: अक्रोड कुणी खाल्ला? नावं बरोबर लिहिलीत का, तेवढं बघाल?'

फोटोत अंड्यांचे तीन ट्रे होते आणि प्रत्येकावर मुलांच्या हातची चिठ्ठी. चिझुरू हसली. असे फोटो तिला महिन्यातून एखादाच येई.

पहिला ट्रे: खार. शिवणीवर अगदी सरळ दुभंगलेल्या अर्ध्या वाट्या. खार शिवणीवर दात चालवते आणि पाचर मारल्यासारखं कवच उघडते. बरोबर.

दुसरा ट्रे: रानउंदीर. आख्खं कवच, दोन्ही अंगांना एक एक गोल भोक, कडेला कुरतडल्याच्या बारीक खुणा. उंदराला कवच फोडता येत नाही, तो दोन्हीकडून पोखरतो. तेही बरोबर.

तिसरा ट्रे: कावळा. तुकडे तुकडे झालेली कवचं. कावळे अक्रोड उंचावरून रस्त्यावर टाकून फोडतात हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. चिझुरूने 'सगळं बरोबर' एवढं टाइप केलं, आणि पाठवायच्या बटणावर बोट नेलं.

बोट तिथेच थांबलं.

तुकडे फारच बारीक होते. रस्त्यावर आपटलेला अक्रोड एका बाजूने फुटतो, नाहीतर दोन भाग होतात. गाडीखाली आला तर चुरा होतो, पण मग त्यात खडी आणि धूळ दाबली जाते. या तुकड्यांना धूळ नव्हती. उलट त्यांच्यात वरची हिरवी-काळी ओली साल चेंदामेंदा होऊन मिसळली होती, कुणीतरी सालीसकट तोंडात घालून कडाकडा चावल्यासारखी. या अक्रोडाचं कवच हातोडीलाही दाद देत नाही.

तिने फोन उचलला. "बाई, तिसऱ्या ट्रेमधले तुकडे कुठे मिळाले? रस्त्यावर?"

"नाही, नदीच्या काठावर. मोठ्या अक्रोडाच्या खाली, वाळूत. का हो? चुकलं का काही?"

कावळ्याला कठीण जमीन लागते. वाळूवर टाकलेला अक्रोड नुसता रुतून बसतो.

"कालचे सगळे फोटो पाठवता? मुलांचे, खाऊ खातानाचे, सगळे."

एकतीस फोटो आले. टोप्या घातलेली मुलं, नाकात बोट घातलेली मुलं, एकमेकांच्या अंगावर वाळू उडवणारी मुलं. चिझुरू मुलांकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होती. एकोणिसाव्या फोटोत मुलांच्या मागे अक्रोडाचा शेंडा आला होता. झाडाची पानं पिवळी पडून निम्मी गळलेली, फांद्या विरळ. आणि त्या विरळ फांद्यांच्या मध्येच तपकिरी पानांचा एक दाट गुंता, कुणी मोठं घरटं बांधावं तसा. ऐन हिरव्यात मोडलेल्या फांदीची पानं गळत नाहीत, जागच्या जागी वाळतात. फांद्या ओढायच्या, मोडायच्या, खायचं आणि बुडाखाली सारायच्या. असं आसन झाडावर एकच जनावर करतं.

त्या आसनाखाली काल अठरा मुलं बसून बिस्किटं खात होती. आणि आज सकाळी तिने लिहून दिलं होतं: अस्वल नाही.

एक क्षण तिच्या मनात आलं की कार्यक्रमाला अजून दोन दिवस आहेत. आसन महिन्याभरापूर्वीचंही असेल. जरा थांबून बघू. पण तुकड्यांमधली साल ओली होती. ती उठली आणि साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, सकाळी मी चुकले."

साहेबांनी चष्मा काढला. "आजीच्या झाडाबद्दल?"

"त्याबद्दल नाही. ते बरोबर होतं. पण मला एका झाडाबद्दल विचारलं आणि मी सगळ्या नदीकाठाचं उत्तर दिलं." तिने फोटो पुढे ठेवले आणि तुकडे, साल, वाळू, शेंडा, सगळं सांगितलं.

साहेबांनी एकोणिसावा फोटो जवळ ओढला. ओरडतील असं तिला वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "यातला लाल टोपीवाला माझा नातू आहे." आणि त्यांनी स्वतःच तोकुजी काकांचा नंबर फिरवला.

तोकुजी काका शिकारी मंडळाचे प्रमुख, वय चौऱ्याहत्तर. फोटोत काय बघायचं हे चिझुरूला त्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना एकदाही कौतुक केलं नव्हतं. अर्ध्या तासात ते दोन साथीदारांना घेऊन, गाडीचा भोंगा वाजवत नदीवर गेले. तिथून त्यांनी फोन केला.

"पाठवलेत फोटो. बघ आणि सांग."

"काका, तुम्ही तिथे आहात. तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर म्हातारा म्हणाला असं होईल. कार्यालयाचा शिक्का तुझा. बोल."

पहिल्या फोटोत अक्रोडाचं खोड होतं. वर चढताना रोवलेल्या नखांचे ठिपके, उतरताना घसरल्याच्या लांब रेघा. कडा करकरीत, आतलं लाकूड फिकट, सालीचा भुगा खाली. दुसऱ्यात काकांची टोपी, आणि टोपीशेजारी टोपीएवढाच विष्ठेचा ढीग, कवचाच्या तुकड्यांनी भरलेला.

"ओरखडे ताजे," चिझुरू म्हणाली. "विष्ठा एक-दोन दिवसांची. अजून येतंय ते, काका."

"हं." काका म्हणाले. "आज पहाटेचीच असेल, अजून चकाकतेय. बाकी बरोबर. समुद्राकडच्या माणसाला एवढं दिसलं म्हणजे पुष्कळ."

तीन वर्षांत हे पहिलंच कौतुक. त्याचं सुख घ्यायला तिला वेळ नव्हता. भोंग्यांवरची घोषणा नेहमी साहेब करत. या वेळी तिने माइक मागून घेतला. तिचा आवाज डोंगरावर आपटून दोनदा परत येत होता, त्यामुळे प्रत्येक शब्द तिला पुन्हा ऐकावा लागला.

"नदीकाठच्या अक्रोडांवर अस्वल येत असल्याचं दिसून आलं आहे. दुपारची घोषणा चुकीची होती. ती चूक माझी, ओताकी चिझुरूची आहे. कृपया कुणीही नदीवर जाऊ नये. संध्याकाळी एकट्याने बाहेर पडू नये. रविवारचा कार्यक्रम कार्यालयाच्या गाड्या लावायच्या आवारात होईल."

शेवटचं वाक्य तिने कुणाला विचारलं नव्हतं. साहेब दारात उभे होते. त्यांनी नुसती भुवई उंचावली आणि म्हणाले, "आता आवारातल्या गाड्या कुठे लावायच्या, तेही तूच बघ."

घोषणा संपते न संपते तोच यासुए आजीचा फोन.

"ऐकलं गं मी. म्हणजे नदीवरचे अक्रोड संपले की ते माझ्याकडे येणार?"

खरं होतं ते. "येऊ शकतं, आजी. फळं झाडावर राहिली तर."

"झाड पाडायला सांगणार का?"

"नाही. पण फळं उतरवायला हवीत. सगळी."

"एकटीने? आठशे फळं? गुडघा बघितलायस माझा?"

"मी येते. माणसं घेऊन येते."

शनिवारी सकाळी झाडाखाली चाळीस माणसं जमली. तोकुजी काकांचे दोघे नदीच्या बाजूला भोंगा घेऊन उभे राहिले. कुणी बांबूच्या टोकाला चीर पाडून डहाळ्या पिळत होतं, कुणी शिडीवर होतं, कानोको बाई टोपल्या वाहत होत्या. कानोको बाईंचा चेहरा कालपासून उतरलेला होता. "मी मुलांना तिथे नेलं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"बाई," चिझुरू म्हणाली, "तुम्ही अक्रोडांचा फोटो पाठवला नसता तर उद्या दोनशे माणसं तिथे बसली असती."

"पण चिठ्ठीवर कावळा लिहिलं होतं ना आम्ही."

"मीही 'सगळं बरोबर' लिहिलं होतं. फक्त पाठवलं नाही, एवढंच."

आजी ओसरीवर बसून फळं सोलत होती आणि सगळ्यांवर हुकूम सोडत होती. "देठ ठेवा रे! देठ मोडलात तर टांगू कशाला, तुमच्या कानाला? आणि शेंड्यावर पाच फळं पाखरांना सोडायची आमची रीत आहे."

"यंदा नको, आजी," चिझुरू शिडीवरून म्हणाली.

"पाच फळांसाठी अस्वल येतं होय?"

"एका फळासाठीही येतं."

आजीने तोंड वाकडं केलं, पण वाद घातला नाही. दुपारपर्यंत झाड मोकळं झालं आणि ओसरीच्या आढ्याला केशरी फळांच्या माळा लागल्या. एवढ्या, की त्यांच्यामागे भिंत दिसेना. काकांनी बुंध्याला पत्रा गुंडाळून दिला, उदमांजरासाठी. आजीने पत्र्याकडे नापसंतीने बघितलं. "झाडाला काय लेंगा घालताय!" एवढं म्हणून ती आत चहा ठेवायला गेली.

शनिवारी नदीवर लावलेल्या कॅमेऱ्याने रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोटो काढला. तरुण अस्वल, छातीवर पांढरी कोर, तोंड चालू. त्याच जागी सहा तासांनी पहिली कढई चुलीवर चढायची होती. साहेबांनी तो फोटो छापून कार्यालयाच्या दारावर लावला, आणि आवारात डांबरावर बसून रस्सा खाणं म्हणजे काय मजा, अशी सकाळपासून चाललेली कुरकुर एकदम थांबली.

त्यानंतर चिझुरूची एक सवय बदलली. फोटो आला की ती आधी चित्र मोठं करत नसे. आधी फोन करून विचारे, "हे कुठे मिळालं? आजूबाजूला काय आहे?" लोक वैतागत. फोटो पाठवला ना, मग विचारता कशाला, म्हणत. ती ऐकून घेई आणि पुन्हा विचारी.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अक्रोड संपले आणि कॅमेऱ्यात अस्वल दिसेनासं झालं. काठावरची झुडपं गावाने मिळून साफ केली. आजीची पहिली माळ वाळून तयार झाली तेव्हा तिने कागदात बांधून सहा फळं कार्यालयात पाठवली: चिझुरूला तीन, तोकुजी काकांना दोन आणि साहेबांना एक.

"मला एकच का?" साहेबांनी विचारलं.

चिझुरूने फोन करून विचारलं. उत्तर आलं, "झाड पाडायला निघाला होता तो. एक दिलंय तेही पुष्कळ झालं म्हणावं."

साहेबांनी ते एक फळ चार घासांत, सावकाश खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाले, "विचार बरं, विकत देते का?"